वसुलीच्या शीटमधले ४६,५०० रुपये कुठे गेले: प्रकल्प नोंदी

४ जुलै २०२५

आज सोसायटीच्या ट्रेझरर काकूंनी लॅपटॉप घेऊन थेट घरीच गाठलं. मी काही अकाउंटंट नाही, कंपनीत स्टोअर्सला आहे, पण रोज एक्सेल उघडं असतं म्हणून बिल्डिंगमध्ये असले सगळे प्रॉब्लेम माझ्याकडेच येतात. तर प्रॉब्लेम असा की एप्रिल ते जून तिमाहीचा मेंटेनन्स, ७२ ओळी (७१ फ्लॅट आणि तळमजल्यावरचं एक दुकान), ४८ जणांना ६,००० आणि २४ जणांना ४,५००. तिघांचे अजून आलेले नाहीत, दोन ६,००० वाले आणि एक ४,५०० वाला. म्हणजे यायला हवेत ३,७९,५००. बँकेतही तेवढेच जमा आहेत आणि काकूंनी कॅल्क्युलेटरवर दोनदा बेरीज केली ती पण तेवढीच आली. शीटवर समरीमध्ये टोटल दिसतेय ३,३३,०००.

फरक ४६,५००. काकू म्हणाल्या, "अरे, रक्कम तर सगळ्यांसमोर लिहिलेली दिसतेय, मग हा पठ्ठ्या मोजत का नाही?"

मी पहिल्यांदा तेच केलं जे सगळे करतात, ४६,५०० हा आकडा एखाद्या एका फ्लॅटशी जुळतो का ते बघत बसलो. अर्थातच जुळत नाही, इतका मेंटेनन्स कोणालाच नाही. मग ६,००० ने भागून बघितलं, पावणेआठ. म्हणजे नुसते ६,००० वाले सुटलेत असंही नाही, निदान एक ४,५०० वाला तरी त्यात आहे. इथपर्यंत येईस्तोवर साडेदहा वाजले, फाइलची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली आणि काकूंना सांगितलं की मूळ फाइलला आता कोणी हात लावू नका.

५ जुलै

सकाळी चहा घेता घेता आधी सोप्या शंका काढून टाकल्या. फिल्टर लावलेला आहे का बघितलं, होता, A विंगचा. पण साधा `SUM` फिल्टरने लपलेल्या ओळी पण धरतो, त्यामुळे टोटल कमी दिसण्याचं कारण ते असू शकत नाही (`SUBTOTAL` असता तर गोष्ट वेगळी, तो फिल्टर केलेलं सोडून देतो). पैशांचं राउंडिंग? सगळे आकडे पूर्ण रुपयात, आणि राउंडिंगने फरक पडला तर तो चाराण्या आठाण्यांचा पडतो, ४६ हजारांचा नाही. कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर तर नाही ना म्हणून F9 दाबून बघितलं, काही हललं नाही.

मग फिल्टर काढून माउसने D2 पासून D73 पर्यंत सिलेक्ट केलं आणि खाली स्टेटस बारवर नजर टाकली. तिथे Sum दिसतोय ३,३९,०००.

थांबा. समरीत ३,३३,००० आणि तोच कॉलम हाताने सिलेक्ट केला तर ३,३९,०००? काकूंचे ३,७९,५०० तर दोन्हीकडे नाहीत. म्हणजे एका कॉलमच्या तीन बेरजा झाल्या, आणि काल मी एक चूक शोधत बसलो होतो ते मुळातच चुकलं, चुका दोन आहेत. समरी आणि स्टेटस बार यांच्यातला फरक ६,०००, आणि स्टेटस बार आणि खरी रक्कम यांच्यातला फरक ४०,५००. हे दोन वेगवेगळे रोग आहेत, एकत्र धरले तर कधीच सापडणार नाहीत.

पहिला दोन मिनिटात मिळाला. समरी शीटवरच्या टोटलच्या सेलमध्ये गेलो:

```
=SUM(Vasuli!D2:D72)
```

७२ ला थांबलाय, आणि डेटा ७३ पर्यंत. गेल्या वर्षी दुकान मेंबर नव्हतं, त्यामुळे ओळी ७१ च होत्या. या वर्षी दुकानाची ओळ सगळ्यात खाली लिहिली गेली आणि टोटल दुसऱ्या शीटवर असल्यामुळे फॉर्म्युला वाढला नाही. रेंजच्या मध्ये कुठेतरी ओळ घुसवली असती तर एक्सेलने आपोआप ताणून घेतली असती, पण शेवटच्या ओळीच्याही खाली लिहिलं की त्याला काय कळणार. दुकानाचे ६,००० असे सुटले. ७२ चं ७३ केलं, समरीतही ३,३९,००० आले, म्हणजे आता समरी आणि स्टेटस बार एका सुरात आहेत. अर्थात दोघेही चूकच.

राहिले ४०,५००.

५ जुलै, रात्री

स्टेटस बारवर राइट क्लिक केलं की कायकाय दाखवायचं त्याची यादी येते, त्यात `Numerical Count` ला टिक केलं, हे मुळात बंद असतं. आता दिसतंय: Count ७०, Numerical Count ६२.

हे फार बोलकं आहे. Count म्हणजे ज्या सेलमध्ये काहीतरी आहे अशा सेल, आणि Numerical Count म्हणजे ज्यांना एक्सेल आकडा मानतो अशा. पैसे भरलेत ६९ जणांनी, म्हणजे दोन्हीकडे ६९ यायला हवे होते. Count एकने जास्त का हे नंतर बघू, पण आठ सेल अशा आहेत की आत काहीतरी आहे पण एक्सेलच्या लेखी तो आकडा नाही. म्हणजे टेक्स्ट. आणि `SUM` ला रेंज दिली की तो टेक्स्टला एरर देत नाही, ओरडत नाही, गुपचूप सोडून देतो.

साधारणपणे हे डोळ्यांनीच कळतं, कारण आकडे उजवीकडे चिकटतात आणि टेक्स्ट डावीकडे. पण काकूंनी शीट सुबक दिसावी म्हणून अख्खा कॉलम सेंटर केला होता. सेंटर काढल्याबरोबर सात आकडे डावीकडे जाऊन बसले. आठवा काही दिसेना.

हिरवे त्रिकोण? ते पण नव्हते, कारण या लॅपटॉपवर कोणीतरी कधीतरी एरर चेकिंगच बंद करून ठेवलंय. चालू केलं तर दोनच ठिकाणी आले. म्हणजे त्रिकोणावर विसंबून राहिलो असतो तर दोन दुरुस्त करून मी खुश झालो असतो आणि पाच तसेच राहिले असते.

नक्की कोणते ते हवं म्हणून रिकाम्या कॉलममध्ये हे टाकून खालपर्यंत ओढलं आणि `TRUE` वर फिल्टर लावला:

```
=ISTEXT(D2)
```

आठ ओळी: ९, १४, २२, ३१, ४०, ४८, ५७, ६६. त्यातली ४८ नंबरची तर पैसे न भरलेल्या फ्लॅटची, सेल रिकामी दिसतेय. क्लिक करून F2 दाबलं तर कर्सर एक घर पुढे उभा, आत एक स्पेस आहे. कोणीतरी जुनी नोंद पुसताना डिलीटऐवजी स्पेसबार दाबला असणार. रकमेत याने काही फरक पडत नाही, पण Count ७० का होता ते कळलं. उरलेल्या सातची बेरीज कागदावर केली: सहा वेळा ६,००० आणि एक ४,५००, बरोब्बर ४०,५००. आता झोप येईल.

६ जुलै

आषाढी. घरात साबुदाण्याची खिचडी, बाहेर पाऊस, आणि मी शीट घेऊन बसलोय.

पहिला प्रयत्न, जो मी स्वतः पण बरीच वर्षं करत आलोय: कॉलम सिलेक्ट केला आणि फॉरमॅट Number केला. टोटल जागची हलली नाही. फॉरमॅट म्हणजे वरचा रंग आहे, आतला माल बदलत नाही. सेलमध्ये टेक्स्ट म्हणून जे एकदा बसलंय ते फॉरमॅट बदलला तरी टेक्स्टच राहतं, जोपर्यंत ते पुन्हा आत टाकलं जात नाही. म्हणून D9 वर F2 आणि एंटर दाबलं, नुसतं तेवढंच, आणि Sum ३,४५,००० झाला. म्हणजे D9 ची मूळ गोष्ट एवढीच होती.

पण ती टेक्स्ट झाली कशी? काकूंना फोन केला. D9 आणि D31 हे दोघेही चेकने भरणारे. काकूंनी आधी चेक नंबर चुकून रकमेच्या कॉलममध्ये टाकला होता, चेक नंबर शून्याने सुरू होतो, एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं, म्हणून त्यांनी ती सेल Text केली. मग लक्षात आलं की अरे हा तर चुकीचा कॉलम, नंबर शेजारी हलवला आणि त्याच सेलमध्ये ६००० टाइप केले. फॉरमॅट Text चाच राहिला. खरं सांगायचं तर काकूंची यात चूक म्हणवत नाही, चेक नंबर टेक्स्टच ठेवायला हवा हे त्यांचं बरोबर होतं, तो कॉलम मी मुळीच कन्व्हर्ट करणार नाही.

मग मला वाटलं एक एक कशाला, सगळ्यांचं एकदम करून टाकू. एका रिकाम्या सेलमध्ये 1 लिहिलं, कॉपी, D2 ते D73 सिलेक्ट, `Paste Special`, `Multiply`. एकाने गुणलं की टेक्स्टचा आकडा होतो ही जुनी युक्ती. Sum ३,५१,००० झाला, म्हणजे D31 सुधारला. बाकीचे पाच ढिम्म. पण Numerical Count ६६ दिसायला लागला, व्हायला हवा होता ६४! डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की न भरलेल्या तिघांपैकी दोन सेल खरोखरच रिकाम्या होत्या, आणि रिकाम्याला एकाने गुणलं की तिथे शून्य येऊन बसतं. टोटलला फरक नाही पण यादीत आता 'भरले नाहीत' आणि 'शून्य भरले' यात गल्लत, आणि अ‍ॅव्हरेज काढलं तर तेही बिघडणार. Ctrl+Z केलं, D31 ला हातानेच F2 एंटर केलं. Numerical Count ६४, Sum ३,५१,०००. ही युक्ती वापरायची तर फक्त बिघडलेल्या सेल सिलेक्ट करून वापरायची.

राहिले २८,५००.

६ जुलै, संध्याकाळी

आता १४, २२, ४०, ५७. यांना F2 एंटर केलं तरी काही होत नाही. D14 दिसायला 6000 च आहे. लांबी मोजली:

```
=LEN(D14)
=LEN(TRIM(D14))
=CODE(RIGHT(D14,1))
```

पहिल्याचं उत्तर ५, चार अंकी आकड्याची लांबी पाच! म्हणजे शेवटी काहीतरी चिकटलंय. मला वाटलं स्पेस असेल, `TRIM` ने जाईल, पण दुसऱ्याचं उत्तर पण ५ च. तिसऱ्याने चोर दाखवला: १६०. साध्या स्पेसचा कोड ३२ असतो. १६० म्हणजे वेबपेजवर वापरतात ती न तुटणारी स्पेस, दोन शब्द वेगळ्या ओळीत जाऊ नयेत म्हणून घालतात ती. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, पण `TRIM` फक्त ३२ वाली काढतो, १६० ला ओळखत पण नाही. D22 मध्ये तर पुढे आणि मागे दोन्हीकडे होती, लांबी ६.

हे चौघेही ऑनलाइन भरणारे. काकूंनी बँकेच्या वेबसाइटवर स्टेटमेंट उघडून रक्कम माउसने कॉपी करून पेस्ट केलेली. बाकीचे ऑनलाइनवाले त्यांनी हाताने टाइप केले म्हणून वाचले.

एक गंमत इथे नोंदवून ठेवतो कारण यानेच मी मागे एकदा ऑफिसात फसलो होतो. D9 दुरुस्त करायच्या आधीच्या कॉपीत `=SUM(D9:D10)` केलं तर एकाच सेलची रक्कम येते, आणि `=D9+D10` केलं तर दोघांची बरोबर बेरीज येते. अधिकचं चिन्ह टेक्स्टमधल्या आकड्याला समजून घेतं, `SUM` ला रेंज दिली तर तो घेत नाही. म्हणून कोणी एखादी जोडी अधिक करून तपासली तर म्हणतो सगळं ठीक आहे. पण तेच D14 वर केलं की थेट `#VALUE!`, कारण त्या चिकटलेल्या १६० मुळे ते अधिकच्या चिन्हाला पण पचत नाही. मला तर तो एरर आवडतो, निदान ओरडतो तरी.

शेवटची D66, तिथे तर उघड्यावरच लिहिलंय `6000/-`. हे सेक्रेटरी काकांचं काम, त्यांनी काकू गावाला गेल्या होत्या तेव्हा एक नोंद केली होती. चेकवर रकमेपुढे कोणी अंक वाढवू नये म्हणून आपण ते चिन्ह काढतो, आयुष्यभराची सवय, शीटमध्येही उमटली. मी त्यांना काही बोललो नाही.

८ जुलै

पुढच्या तिमाहीला परत हेच होणार, म्हणून हाताने पुसण्याऐवजी L कॉलममध्ये फॉर्म्युला केला:

```
=IF(LEN(TRIM(SUBSTITUTE(D2,CHAR(160),"")))=0,"",
 VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,CHAR(160),""),"/-","")))
```

१६० काढतो, `/-` काढतो, उरलेल्याचा आकडा करतो, आणि सेल रिकामी असेल किंवा नुसती स्पेस असेल तर रिकामं दाखवतो. कंपनीतला एक मित्र म्हणाला बाहेरून `IFERROR` लाव आणि शून्य दे, एरर दिसणार नाहीत. नाही लावला. उद्या कोणी 'सहा हजार' असं अक्षरात लिहिलं तर त्याचं शून्य होणार आणि टोटल परत गुपचूप कमी दिसणार, म्हणजे ज्या रोगासाठी एवढं केलं तोच परत. त्यापेक्षा लाल एरर दिसलेला बरा.

L ची बेरीज ३,७९,५००. काकूंना फोटो पाठवला, त्यांनी उलट हात जोडलेले पाठवले.

L कॉपी करून D वर `Paste Values` केलं, L काढून टाकला. आणि वरच्या ओळीत बाजूला एक तपासणीची सेल ठेवली:

```
=COUNTA(D2:D73)-COUNT(D2:D73)
```

काहीतरी असलेल्या सेल वजा आकडे असलेल्या सेल, शून्य यायला हवं. आले ३! मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो, टोटल बरोबर, मग तीन कुठून? न भरलेले तिघे. फॉर्म्युलाने त्यांना `""` दिलं होतं, आणि ते व्हॅल्यू म्हणून पेस्ट झालं की सेल दिसते रिकामी पण आत शून्य लांबीचं टेक्स्ट असतं. `COUNTA` ते मोजतो. म्हणजे लोकांची घाण काढता काढता मी माझी घालून ठेवली होती. फिल्टरमध्ये `(Blanks)` निवडून त्या तीन सेल डिलीट केल्या, तपासणी शून्यावर आली, Count आणि Numerical Count दोन्ही ६९.

१२ जुलै

काकूंकडे बसून बाकीचं लावून दिलं. यादीवर Ctrl+T करून टेबल केलं, टेबलला नाव दिलं, आणि समरीतली टोटल आता अशी आहे:

```
=SUM(Vasuli[Rakkam])
```

खाली नवीन ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढतं, त्यामुळे दुकानासारखं कोणी परत बाहेर राहणार नाही. तपासणीचा फॉर्म्युला पण याच नावाने बदलला, आणि रकमेच्या कॉलमवर कंडिशनल फॉरमॅटिंग, `=ISTEXT(D2)` असेल तर सेल लाल. डेटा व्हॅलिडेशन पण लावलं, फक्त आकडा चालेल असं, पण काकूंना सांगून ठेवलं की ते फक्त टाइप करताना अडवतं, पेस्ट केलं तर तसंच आत येतं. आणि आमची घाण येते ती पेस्टमधूनच. त्यामुळे खरा पहारेकरी ती तपासणीची सेलच, व्हॅलिडेशन म्हणजे सेक्रेटरी काकांपुरतं.

कॉलम परत सेंटर करायचा काकूंचा आग्रह होता. नाही करू दिला.

३ ऑगस्ट

जुलै ते सप्टेंबरचे पैसे यायला लागलेत. दुपारी काकूंचा मेसेज, "तुझी ती वरची सेल २ दाखवतेय आणि दोन लाल झालेत." मी म्हटलं बँकेच्या साइटवरून पेस्ट केलंत का? तर म्हणे हो, घाई होती. त्या दोन्ही सेल पुन्हा हाताने टाइप करायला सांगितल्या. पाच मिनिटांनी मेसेज आला, "० झाले. चहाला ये."